कारकुनाचा राजीनामा

सांगलीतल्या पतसंस्थेत सहा वर्षं काम केलेल्या कारकुनाला पुण्यात नोकरी मिळाली, तर त्याचा राजीनामा एवढाच पुरे:

‘मा. व्यवस्थापक यांस, पुण्यात नोकरी मिळाल्याने मी लिपिक पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार एक महिन्याची मुदत धरून ३० जून हा माझा शेवटचा दिवस असेल. तोवर कर्जखात्याच्या नोंदी पूर्ण करून कपाटाच्या किल्ल्या सोपवीन. कर्जाचे काम मला इथेच शिकवले गेले, त्याबद्दल आभारी आहे. कृपया राजीनामा मंजूर करून कार्यमुक्तिपत्र व अनुभवपत्र द्यावे.’

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तारखेचं. ‘लवकरात लवकर मुक्त करावे’ असं लिहिलं की नोटिशीचे दिवस कधीपासून मोजायचे यावरून वाद होतो आणि कमी पडलेल्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो. म्हणून अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही घ्यावी. कारकुनाला हे सांगायला नको, पण स्वतःच्या कागदाबाबत तोच विसरतो!

आभार एकाच गोष्टीचे, पण नेमके मानावेत. नवा पगार, जुनी कुरबूर यांना इथे जागा नाही. हा कागद सेवापुस्तिकेला लागतो. आणि हो, कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा लागते. ती भरत आली असेल, तर तारीख टाकण्याआधी रुजू झाल्याचा दिवस तपासावा.