तेच नाव, मालक वेगळा

ईमेलचं खातं बंद पडलं की त्याचं नावही कायमचं बाद होतं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्येक ठिकाणी तसं होत नाही. जून २०१३मध्ये याहूने जाहीर केलं की, वर्षभरात कुणी उघडलीच नाहीत अशा खात्यांची नावं मोकळी करून नव्या लोकांना दिली जातील. मूळ मालकाने १५ जुलैपर्यंत एकदा लॉगिन केलं, तर नाव त्याच्याकडेच राहणार होतं. जुनी पत्रं पुसली जाणार होती आणि मधले किमान ३० दिवस त्या पत्त्यावरचं टपाल परत फिरवलं जाणार होतं.

तरीही सप्टेंबरमध्ये तक्रारी आल्याच. नव्या मालकांच्या इनबॉक्समध्ये आधीच्या माणसाची खासगी पत्रं येऊन पडत होती. याहूने आपल्याकडचं सगळं पुसलं खरं, पण दुकानांच्या आणि सोशल मीडियाच्या नोंदींत तो पत्ता अजून जुन्याच माणसाचा होता.

खरी भीती इथे आहे. समजा, एका खरेदीच्या साइटवर तुमचं खातं त्या जुन्या पत्त्यावर आहे. नवा मालक तिथे जाऊन ‘पासवर्ड विसरलात?’ दाबतो. साइट लिंक पाठवते, ती त्याला मिळते आणि तो तुमच्या नावाने आत शिरतो. यात काहीही हॅक करावं लागत नाही. पत्र ज्याच्या हाती पडेल तोच मालक, असं साइट धरून चालते. पत्ता मधल्या काळात दुसऱ्याचा झाला, हे तिला कळायला मार्गच नसतो.

तो मार्ग याहू आणि फेसबुकने मिळून काढला. २०१४मध्ये तो आरएफसी ७२९३ या नावाने नोंदला गेला. पाठवणाऱ्याने पत्रासोबत एक तारीख जोडायची:

```
Require-Recipient-Valid-Since: user@example.com; Sat, 1 Jun 2013 09:23:01 -0700
```

म्हणजे, हा पत्ता या तारखेपासून सतत एकाच माणसाकडे असेल, तरच पत्र द्या. मालकी त्यानंतर बदलली असेल, तर पत्र न देता मालक बदलल्याचा निरोप परत जातो. उपाय मला फार नेमका वाटतो, कारण नाव तेच राहिलं तरी तारीख खोटी पडते. मात्र ही ओळ पाठवणाऱ्याने लिहायला हवी आणि घेणाऱ्याने वाचायला हवी. दोघांपैकी एकाने टाळली, तर संरक्षण उरत नाही. आणि एखाद्या मित्राने सहज पाठवलेल्या पत्राला तर अशी तारीख नसतेच.

गुगलने दुसरी वाट धरली: पुसलेला जीमेल पत्ता पुन्हा दुसऱ्या कुणालाही मिळत नाही. मात्र स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता या नियमात बसत नाही. डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं, तर कुणीही ते विकत घेऊन त्यावरचा प्रत्येक पत्ता पुन्हा उभा करू शकतो. म्हणून पत्ता सोडण्याआधी तो कुठल्या कुठल्या खात्यांना जोडला आहे ते शोधून, बँकेपासून सुरुवात करून, तो सगळीकडे बदलून घ्यावा.