काख काळी पडते, त्यामागची कारणे आणि उपाय

भावाच्या लग्नाला बिनबाह्यांचे ब्लाउज शिवायला टाकले होते, म्हणून ती आली होती. वय 22, साड्यांच्या दुकानात दिवसभर उभे राहण्याचे काम. मी त्वचेच्या ओपीडीत परिचारिका आहे. पडद्यामागे गेल्यावरही ती हात वर करायला तयार नव्हती. "ताई, मी रोज आंघोळ करते हो, अस्वच्छ नाहीये," हे तिचे पहिले वाक्य. हे वाक्य आम्ही फार ऐकतो, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. काखेतला आणि मांड्यांच्या आतला काळेपणा म्हणजे मळ नव्हे. तो घासून निघत नाही, उलट घासल्याने वाढतो.

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. कातडीला पुन्हा पुन्हा इजा झाली, घासली गेली, कापली गेली, जळजळली, की या पेशी जास्त रंग तयार करतात. सावळ्या आणि काळ्या कातडीत हे लवकर होते आणि जास्त दिवस टिकते. चटका बसलेल्या जागी काळा डाग राहतो ना, तसेच. फरक एवढाच की काखेत चटका एकदा बसत नाही, रोज थोडाथोडा बसतो. शिवाय काख आणि जांघ मुळातच दंडापेक्षा थोडी गडद असते. तेवढा फरक सगळ्यांच्या अंगावर असतो, तो काही आजार नाही.

या मुलीचा रोजचा क्रम विचारला. घरात माणसे सहा, मोरी एक. सकाळी घाईत कोरड्या काखेवर रेझर फिरवायचा, तोही खालून वर, केसांच्या उलट दिशेने. रेझर वहिनीचा आणि तिचा एकच, दोन-दोन महिने न बदललेला. त्यावर लगेच डिओचा फवारा. रेझरने कातडीचा वरचा पापुद्रा निघतो, बारीक चिरा पडतात आणि त्यात डिओतले अल्कोहोल व सुगंध शिरतो. चुरचुरते. "चुरचुरलं म्हणजे लागू पडतंय असं वाटायचं," ती म्हणाली. मांड्यांचे कारण वेगळे. बसस्टॉपपर्यंत वीस मिनिटे चालणे, घाम आणि अंगाला घट्ट बसणारी नायलॉनची लेगिंग. मांडीवर मांडी घासत राहायची.

काळे दिसू लागल्यावर तिने आधी लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळला. लिंबू आंबट, सोडा खारट, दोन्ही कातडीला जाळतात. आठवडाभराने काख आणखी काळी झाली. मग मैत्रिणीने सांगितलेली गोरेपणाची क्रीम मेडिकलमधून आणली, चिठ्ठी न दाखवता. पंधरा दिवसांत रंग खरोखर उजळला, म्हणून तिने तीच मांड्यांना लावली. अडीच महिन्यांनी मांड्यांच्या आत लालसर जांभळ्या रेघा उमटल्या, पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तशा.

त्या क्रीममध्ये स्टिरॉइड होते. स्टिरॉइडने रंग लवकर उतरतो, पण कातडी पातळ होते. काख आणि जांघ म्हणजे घड्या पडणारी, झाकलेली, घामट जागा, तिथे औषध इतर अंगापेक्षा जास्त शोषले जाते. 2018 मध्ये सरकारने अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली, तरी दुकानात ती मिळतात. म्हणून ट्यूब घेताना बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर काखेत किंवा मांडीत ती आपल्या मनाने लावू नका. महिना-दोन महिने लावून झाली असेल तर एकदम न सोडता डॉक्टरांना दाखवून सोडा, कारण अचानक थांबवल्यास आग आणि लाली उसळते.

आमच्या डॉक्टरांनी तिला पहिले तीन आठवडे उजळवणारे काहीच दिले नाही, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. इजा चालू असताना वरून काहीही लावणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. क्रीम त्यांच्या देखरेखीखाली बंद झाली. रेझर बंद, केस लहान कात्रीने कापायचे. डिओ हवाच असेल तर कपड्यावर मारायचा, कातडीवर नाही. आंघोळीला साधा साबण हाताने लावायचा; घासणी, वजरी, काथ्या काही नको. अंग टिपून कोरडे करायचे आणि काखेत पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर. मांड्यांसाठी सलवारीच्या आत गुडघ्याच्या थोडी वरपर्यंत येणारी सुती चड्डी, आणि चालायला निघण्याआधी घासणाऱ्या जागी तीच जेली. दहा-वीस रुपयांच्या छोट्या डबीत हे सगळे भागते.

चुरचुर पूर्ण थांबल्यावर काखेसाठी 10 टक्के अॅझेलाइक अॅसिडचे मलम दिले. आधी कोपराच्या आतल्या बाजूला तीन रात्री लावून पाहिले. मग एक रात्र आड, दोन्ही काखांना मिळून वाटाण्याएवढे. थोडी खाज पहिल्या आठवड्यात येते; आग होऊन लाली आली तर थांबायचे. ते महाग पडत असेल तर 4 ते 5 टक्के नायसिनामाइडचे लोशनही चालते, फक्त त्याला वेळ जास्त लागतो.

लग्नापर्यंत फरक पडला नाही. ब्लाउजला तिने बाह्या लावून घेतल्या आणि माझ्यावर जरा रागावलीही. पाचव्या महिन्यात काख निम्म्याहून अधिक उजळली होती. दंडासारखी झाली नाही, आणि होईल असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मांड्यांवरच्या रेघा जांभळ्याच्या पांढरट झाल्या, पण गेल्या नाहीत. त्या जाणारही नाहीत.

रेझर सोडवतच नसेल तर आंघोळीच्या शेवटी, कातडी मऊ असताना, साबणाचा फेस लावून केसांच्या दिशेनेच फिरवा. ब्लेड चार-पाच वेळांनी बदला. रेझर प्रत्येकीचा वेगळा ठेवा, कारण रक्ताचा अंश लागलेल्या ब्लेडवरून कावीळ ब पसरू शकते. त्यानंतर एक दिवस डिओ नको.

दोन गोष्टी मात्र घर्षणाच्या नसतात. जांघेत कडा उठलेला, खाजणारा गोल चट्टा असेल तर तो गजकर्ण. त्याला बुरशीचे औषध लागते. स्टिरॉइडने तो काही दिवस दबतो आणि मग पसरतो. आणि काखेबरोबर मानेच्या मागेही कातडी जाड, मखमलीसारखी काळी झाली असेल, विशेषतः वजन वाढले असेल किंवा पाळी अनियमित असेल, तर मलम आणू नका. सकाळी उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्या. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि साखर व वजन आटोक्यात आले की मानेचा आणि काखेचा रंगही हळूहळू उतरतो.