पावसाळा, बदललेला डेटा आणि रोलबॅक

समजा, भाईंदर पश्चिमेच्या स्टेशन परिसरातून उत्तनपर्यंत जेवण पोहोचवणाऱ्या एका सेवेने ‘ऑर्डर किती मिनिटांत पोहोचेल’ हे सांगणारे मॉडेल जानेवारी ते मेच्या नोंदींवर शिकवले. अ‍ॅमेझॉनच्या सेजमेकरवर, मुंबई रिजनमध्ये त्याचे एंडपॉइंट उभे केले. मग जून आला.

गैरसमज १ : एंडपॉइंट `InService` दिसते, म्हणजे मॉडेल ठीक आहे.

वस्तुस्थिती : याचा अर्थ सर्व्हर विनंती घेतो आणि उत्तर देतो, एवढाच. पन्नास मिनिटे लागणाऱ्या ऑर्डरला मॉडेलने ‘पंचवीस’ म्हटले, तरी ही स्थिती बदलत नाही. म्हणून येणारे इनपुट आणि दिलेली उत्तरे साठवणारे डेटा कॅप्चर पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे लागते.

गैरसमज २ : ड्रिफ्टचा इशारा आला, म्हणजे मॉडेल बिघडले.

वस्तुस्थिती : इशारा फक्त इनपुट बदलल्याचे सांगतो. शिकवतानाच्या १० टक्के ऑर्डर पावसातल्या होत्या, जूनमध्ये ६० टक्के झाल्या, असे धरू. दोन वाटपांतला फरक मोजणारा पीएसआय असा निघतो :

```
(0.4-0.9)*ln(0.4/0.9) + (0.6-0.1)*ln(0.6/0.1) ≈ 1.30
```

०.२५च्या वर गेले की बदल मोठा मानण्याचा प्रघात आहे. पण अंतर किलोमीटरऐवजी मीटरमध्ये येऊ लागले, तरी अंतराच्या रकान्यावर असाच इशारा येईल. तिथे दुरुस्ती डेटा पाठवणाऱ्या कोडमध्ये हवी. म्हणून आधी कोणता रकाना हलला ते पाहावे, मग ऑर्डर प्रत्यक्ष पोहोचल्याच्या वेळेशी अंदाज ताडून चूक वाढली का ते तपासावे.

गैरसमज ३ : ड्रिफ्ट दिसला की रोलबॅक करावा.

वस्तुस्थिती : जुन्या आवृत्तीनेही पाऊस फारसा पाहिलेला नाही. तिच्याकडे परतून काही साधणार नाही. पावसाळी नोंदी घालून मॉडेल पुन्हा शिकवावे लागेल. रोलबॅकचे काम त्यानंतर सुरू होते, नवी आवृत्ती जुनीपेक्षा वाईट निघाली तर.

गैरसमज ४ : ऑटो-रोलबॅक लावला की निश्चिंत.

वस्तुस्थिती : कॅनरी पद्धतीत आधी थोडीच वाहतूक नव्या आवृत्तीकडे जाते आणि ठरवलेला अलार्म वाजला तर ती परत फिरते. अलार्म फक्त विलंब आणि ५०० मालिकेतील एररवर लावला असेल, तर झटपट दिलेले चुकीचे उत्तर त्याला दिसत नाही. मिनिटांतल्या सरासरी चुकीचा स्वतंत्र अलार्म हवा. शिवाय ऑर्डर पोहोचायला पन्नास मिनिटे लागत असतील आणि निरीक्षणकाळ दहाच मिनिटांचा असेल, तर खरे उत्तर हाती येण्याआधीच सगळी वाहतूक नव्या आवृत्तीकडे गेलेली असते.

निरीक्षणकाळात जुने सर्व्हर चालू असल्याने माघार चटकन होते. ते बंद झाल्यावर पुढची आज्ञा द्यावी लागते आणि नवे सर्व्हर उभे राहायला काही मिनिटे जातात :

```
aws sagemaker update-endpoint \
  --endpoint-name delivery-time \
  --endpoint-config-name delivery-time-v1
```

ही आज्ञा चालण्यासाठी v1चे कॉन्फिगरेशन, मॉडेल फाइल आणि कंटेनर इमेज, तिन्ही शाबूत हवीत. नव्या आवृत्तीसाठी इनपुटचे रकाने बदलले असतील, तर तो बदलही सोबत मागे घ्यावा लागतो. नाहीतर जुने मॉडेल सुरू होईल, पण त्याला अनोळखी रकाने मिळतील.