डॉक्टरांना एकोणीस फटके का?

क्लबच्या मासिक मेडल स्पर्धेचा निकाल असा लागला समजा. एका डॉक्टरांनी अठरा होल ९० फटक्यांत पूर्ण केले, एका कर्नलसाहेबांनी ७८. हँडिकॅप वजा केल्यावर डॉक्टरांचे नेट ७१ झाले, कर्नलसाहेबांचे ७२, आणि कप डॉक्टरांकडे गेला. यावर कुरकुर ठरलेली असते. डॉक्टरांचा हँडिकॅप इंडेक्स १८.२, कर्नलसाहेबांचा ६.४. मग कर्नलसाहेबांना सरळ सहा फटके मिळाले आणि डॉक्टरांना मात्र अठराऐवजी एकोणीस, हे कसे? अठराच दिले असते तर दोघे बरोबरीत राहिले असते. माझ्या मते तो एक फटका डॉक्टरांच्या हक्काचा आहे, आणि हँडिकॅपच्या आजच्या पद्धतीतला सगळ्यात विचारपूर्वक रचलेला भाग त्या एका फटक्यात दिसतो.

कुरकुरीच्या मुळाशी एक समजूत आहे. मैदान अवघड असेल तर ते सगळ्यांनाच अवघड, तेव्हा फरक कुणालाच पडत नाही, अशी ती समजूत. कोर्स रेटिंग हा आकडा एवढ्यापुरता बरोबर उत्तर देतो. साधारण दिवशी शून्य हँडिकॅपच्या, म्हणजे स्क्रॅच खेळाडूला त्या टीवरून किती फटके लागावेत, हे तो सांगतो. डॉक्टर खेळले त्या मैदानाचे पार ७२ आणि रेटिंग ७१.३ धरू. पण रेटिंग करणारे पथक मैदानावर फिरते तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक नव्हे, दोन खेळाडू असतात. दुसरा असतो बोगी खेळाडू, पुरुषांत सुमारे वीस हँडिकॅपचा. स्क्रॅच खेळाडूचा टीवरचा फटका २५० यार्ड जातो असे पथक धरते, बोगी खेळाडूचा २००. आता टीपासून १९० यार्डांवर सुरू होऊन २२० वर संपणारे तळे डोळ्यांसमोर आणा. स्क्रॅच खेळाडू त्याच्यावरून चेंडू नेतो आणि त्याला ते तळे जवळजवळ नसल्यासारखेच असते. बोगी खेळाडूला एक तर अलीकडे थांबावे लागते, म्हणजे पुढचा फटका लांबतो आणि बहुतेक वेळा ग्रीनवर पोचायला एक फटका जास्त लागतो, नाहीतर चेंडू पाण्यात आणि वर दंडाचा फटका. २०० यार्डांवरच्या फेअरवेच्या कडेच्या बंकरचेही तसेच. एकाचा चेंडू त्याच्या पलीकडे जाऊन पडतो, दुसऱ्याचा नेमका तिथेच. तेव्हा मैदानाची अडचण सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही.

हा असमान वाटा मोजणारा आकडा म्हणजे स्लोप. बोगी खेळाडूसाठी पथक वेगळे बोगी रेटिंग काढते. आपल्या मैदानाचे ते ९५.१ आहे असे धरू. त्यातून कोर्स रेटिंग वजा केले की २३.८ उरतात, त्यांना पुरुषांसाठी ५.३८१ ने गुणले की १२८ येतात. स्त्रियांसाठी गुणक वेगळा, ४.२४. स्लोपची कक्षा ५५ ते १५५, आणि ११३ हे प्रमाण मानलेले. इथे एक घोटाळा नेहमी होतो. स्लोप जास्त म्हणजे मैदान अवघड, असे लोक बोलून जातात. स्लोप सांगतो तो दोन खेळाडूंमधले अंतर किती रुंदावते ते. लांबलचक पण मोकळे मैदान स्क्रॅच खेळाडूलाही दमवते, त्याचे रेटिंग चढे असते, तरी स्लोप बेताचा असू शकतो. ही कल्पना अमेरिकन नौदलातले अधिकारी डीन नुथ यांची. खेळाडूंचे हँडिकॅप एका अक्षावर आणि मैदानावरचे त्यांचे फटके दुसऱ्या अक्षावर मांडले तर मिळणारी रेषा प्रत्येक मैदानावर वेगळ्या चढाची असते, हे त्यांनी १९७०च्या दशकात मांडले. पुढच्या दशकात अमेरिकेच्या संघटनेने ते स्वीकारले. २०२० मध्ये जगातल्या सहा निरनिराळ्या पद्धती मोडून एकच जागतिक हँडिकॅप पद्धत आली, तेव्हा हाच स्लोप तिचा कणा झाला.

आता डॉक्टरांचे एकोणीस. इंडेक्स १८.२ ला १२८ ने गुणून ११३ ने भागले की २०.६ येतात. त्यात रेटिंग आणि पार यांच्यातला फरक मिळवायचा, तो इथे उणे ०.७ आहे. राहिले १९.९, म्हणजे कोर्स हँडिकॅप २०. वैयक्तिक मेडल स्पर्धेत त्यातले ९५ टक्केच द्यायचे असतात, म्हणून एकोणीस. कर्नलसाहेबांचे ६.४ याच वाटेने ६.५५ होतात आणि ९५ टक्के घेतल्यावर सहावर येतात. इंडेक्समधला फरक ११.८ चा, मैदानावर तो तेराचा झाला. हेच दोघे शेजारच्या एखाद्या सोप्या मैदानावर गेले आणि तिथे पार ७०, रेटिंग ६७.५, स्लोप १०५ असला, तर डॉक्टरांना चौदाच मिळतील आणि कर्नलसाहेबांना तीन. तिथे अंतर अकराचे. ठाम अठरा आणि ठाम सहा ही जुनी चाल ठेवली असती तर पहिल्या मैदानावर डॉक्टरांवर अन्याय झाला असता आणि दुसऱ्यावर कर्नलसाहेबांवर. हँडिकॅप स्वतः ठरताना हाच हिशेब उलटा चालतो. प्रत्येक राउंडच्या फटक्यांतून रेटिंग वजा होते, उरते त्याला ११३ ने गुणून स्लोपने भागायचे, की त्या राउंडचे डिफरन्शियल मिळते. मैदानाचा रंग धुऊन निघालेला तो आकडा, म्हणून कुठेही नेता येतो.

डॉक्टरांचे त्या दिवसाचे डिफरन्शियल मात्र ९० वरून निघत नाही. सातव्या स्ट्रोक इंडेक्सच्या पार चारच्या होलवर ते रफमध्ये अडकले आणि दहा फटके मारून बसले. स्पर्धेत ते दहाही मोजले गेले. हँडिकॅपच्या नोंदीत मात्र एका होलचा जास्तीत जास्त आकडा नेट डबल बोगीचा, म्हणजे पार अधिक दोन अधिक त्या होलवर हक्काने मिळणारे फटके. कोर्स हँडिकॅप वीस असल्यामुळे डॉक्टरांना त्या होलवर एक फटका मिळतो, म्हणून सात. तीन कमी झाले आणि ९० चे ८७ झाले. त्यातून ७१.३ वजा जाता १५.७, आणि गुणाकार-भागाकारानंतर डिफरन्शियल १३.९. एका होलवरच्या धिंगाण्याने खेळाडूची कुवत कमी ठरू नये, हा यातला हेतू. दुसराही एक हेतू आहे, आणि तो जास्त व्यवहारी आहे: एखाद्या होलवर मुद्दाम दहा-बारा मारून हँडिकॅप फुगवण्याचा फायदा उरत नाही.

शेवटच्या वीस राउंडांच्या डिफरन्शियलांपैकी सर्वांत कमी आठ घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची, तोच इंडेक्स. यावर नेहमीचा आक्षेप असा, की वीसांचीच सरासरी का नको? तीच खरी कामगिरी नव्हे का? उत्तर विखुरण्यात आहे. कमी हँडिकॅपचा खेळाडू बहुधा स्वतःच्या आसपासच खेळतो. जास्त हँडिकॅपवाल्याचे आकडे दूरवर पसरलेले असतात, एक दिवस ८८, दुसऱ्या दिवशी १०४. पन्नास-साठ जणांच्या स्पर्धेत जिंकतो तो त्या दिवशी आपल्या सरासरीच्या सर्वांत पुढे गेलेला, आणि ज्यांचा पसारा मोठा त्यांच्यातलाच कुणीतरी इतका पुढे जाणार. पूर्ण सरासरी धरली तर कप दर महिन्याला त्याच बाजूला जाईल. चांगल्या आठांवर बोट ठेवले की पसाऱ्याचा हा फायदा बराच कापला जातो, आणि उरलेल्यासाठी ते ९५ टक्के आहेत. याची किंमत खेळाडूच्या मनाला चुकवावी लागते. इंडेक्स त्याच्या उत्तम आठांचा असल्यामुळे तो वीसांतून चार-पाच वेळाच हँडिकॅपइतके किंवा त्याहून चांगले खेळतो, बाकी दिवस वरच राहतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

डॉक्टरांचे १३.९ नोंदीत आले आणि आठांतले सर्वांत मोठे १९.५ बाहेर पडले, तर त्यांचा इंडेक्स १७.५ वर येतो. पुढच्या मेडलला याच मैदानावर त्यांना अठराच फटके मिळतील. म्हणजे कपाचे बक्षीस मिळाले तसा कपाचा दंडही वसूल झाला, कुणाला तक्रार करावी न लागता. हा इंडेक्स वर जाताना मात्र आवरला जातो. गेल्या वर्षभरातला सर्वांत कमी इंडेक्स १४.६ असलेल्या खेळाडूचा हिशेब २०.६ आला, तर तीनपर्यंतची वाढ पूर्ण धरतात, त्यापुढची अर्धी, आणि पाचांच्या पलीकडे काहीच नाही. त्याचा इंडेक्स म्हणून १९.१ वर थांबतो. उलट कुणी आपल्या इंडेक्सपेक्षा डिफरन्शियलमध्ये सात किंवा जास्त खाली खेळला तर पद्धत त्याचा इंडेक्स आपोआप आणखी एकाने खाली ओढते, दहा किंवा जास्त खाली खेळल्यास दोनने.

पावसाळ्याचा आक्षेप महाराष्ट्रातल्या क्लबांत हमखास निघतो. जुलैत फेअरवे ओला असतो, चेंडू पडला तिथेच रुततो, रोल मिळत नाही, आणि रेटिंग तर नेहमीच्या हंगामातल्या मैदानाचे. यासाठी रोजचा एक सुधारक आहे. त्या दिवशी मैदानावर किमान आठ योग्य कार्डे आली तर अपेक्षेच्या मानाने सगळे किती वर-खाली खेळले ते तपासून प्रत्येकाच्या डिफरन्शियलमध्ये उणे एक ते अधिक तीन एवढी तडजोड होते. पण हा सुधारक हात आखडूनच वापरायचा अशी त्याची रचना आहे. पावसाच्या भर आठवड्यात सहाच जण खेळले तर तो चालतच नाही. मैदान कायमचे बदलले, टी मागे सरकवली, तळे वाढवले किंवा झाडांची रांग गेली, तर हा सुधारक काहीच करू शकत नाही. तिथे पथकाला पुन्हा बोलवून नवे रेटिंग करूनच घ्यावे लागते. जुन्या रेटिंगवर चाललेल्या क्लबात सगळ्यांचे इंडेक्स एकाच बाजूला सरकतात. घरच्या स्पर्धेत ते कळतही नाही, बाहेरचा खेळाडू आला किंवा आपले लोक बाहेर गेले की उघड होते.

सर्वांत जोरदार आक्षेप प्रामाणिकपणाचा. आकडेमोड कितीही नेटकी असली तरी ती भरलेल्या कार्डांवरच चालते. चांगले राउंड लपवून फक्त वाईट कार्डे देणाऱ्याला सँडबॅगर म्हणतात, आणि वर सांगितलेली बंधने त्याचा वेग कमी करतात, त्याला पूर्ण थांबवत नाहीत. उलटा प्रकारही असतो. इंडेक्स एक अंकी दिसावा म्हणून वाईट कार्डे गिळून टाकणारे महाभाग स्पर्धेत स्वतःचेच नुकसान करतात, आणि चौघांच्या सामन्यात जोडीदाराचेही. हा आक्षेप मान्यच करावा लागतो, पण त्याचा रोख सूत्राकडे नसून क्लबाच्या हँडिकॅप कमिटीकडे जायला हवा. कमिटीचे काम कंटाळवाणे असते: टी-शीटवर नाव आहे आणि कार्ड मात्र आले नाही, असे कोण ते पाहणे, आणि स्पर्धेतली डिफरन्शियले मित्रांबरोबरच्या राउंडांशी ताडून बघणे. एखाद्याची स्पर्धेतली डिफरन्शियले वारंवार चार-पाचाने कमी येत असतील तर त्याचा इंडेक्स खाली आणण्याचा अधिकार कमिटीला आहे. तो वापरायला सहसा कुणी धजावत नाही, कारण ज्याचा इंडेक्स कमी करायचा तो पुढच्या शनिवारी त्याच चौकडीत खेळायला येणार असतो.