पायऱ्यांच्या चिमटीत सापडलेला एक तृतीयांश

शाळेत आलेख कागदावर पिंपळाचं पान ठेवून त्याची कड पेन्सिलीने गिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे, हा उद्योग आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला असतो. पूर्ण चौकोन धरायचे, अर्ध्याहून जास्त असेल तो एक मानायचा आणि कमी असेल तो सोडून द्यायचा. उत्तर ‘अंदाजे’ यायचं आणि तेवढ्यावर भागायचं. पण कड वाकडी असली तरी क्षेत्रफळ अचूक काढता येईल का? एका सोप्या वक्रापुरतं तरी ते येतं, आणि त्यासाठी कागद, पट्टी आणि बेरीज पुरते.

आलेख कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखा. तळरेषेवर डावीकडून १ सेंटिमीटरवर १ मिलिमीटर उंच ठिपका द्या, २ सेंटिमीटरवर ४ मिलिमीटर, ३ वर ९, ४ वर १६. असं करत १० सेंटिमीटरवर १०० मिलिमीटर, म्हणजे थेट चौरसाच्या वरच्या कोपऱ्यात पोचाल. ठिपके सफाईने जोडले की y = x² हा वक्र तयार होतो. आपल्याला या वक्राखालचं क्षेत्रफळ हवं आहे.

तळाचे १ सेंटिमीटर रुंदीचे दहा भाग करा आणि प्रत्येक भागावर एक उभा आयत काढा. आयताची उंची किती घ्यायची? प्रत्येक भागात वक्र डावीकडे सर्वांत खाली आणि उजवीकडे सर्वांत वर असतो. डावीकडची उंची घेतली तर आयत वक्राच्या आत राहतात. त्यांच्या उंच्या ०, १, ४, ९ पासून ८१ मिलिमीटरपर्यंत जातात. त्यांची बेरीज २८५, म्हणून क्षेत्रफळ २८.५ चौरस सेंटिमीटर. उजवीकडची उंची घेतली तर आयत वक्राबाहेर डोकावतात. आता उंच्या १ पासून १०० पर्यंत, बेरीज ३८५ आणि क्षेत्रफळ ३८.५. खरं क्षेत्रफळ या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. हे मात्र अंदाजाने म्हटलेलं नाही, ते पक्कं आहे.

या दोघांत फरक बरोबर १० चौरस सेंटिमीटरचा आहे, आणि तो का, हे चित्रातच दिसतं. प्रत्येक भागात आतल्या आयताच्या डोक्यावर बाहेरच्या आयताचा एक छोटा तुकडा उरतो. हे दहाही तुकडे आडवे सरकवत शेवटच्या भागात नेले, तर ते एकावर एक नेमके बसतात आणि १ सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच असा एकच खांब होतो. भाग शंभर केले तर खांब १ मिलिमीटर रुंद होईल आणि फरक १ चौरस सेंटिमीटरवर येईल. प्रत्यक्ष बेरीज तेच सांगते: आत ३२.८३५, बाहेर ३३.८३५. चिमटा आवळतो आहे.

आता भागांची संख्या n म्हणू आणि आकडेमोड सुटसुटीत राहावी म्हणून चौरसाची बाजू १ मानू. प्रत्येक आयताची रुंदी 1/n. उजवीकडची उंची घेतली तर डावीकडून k व्या आयताची उंची (k/n)², म्हणून त्याचं क्षेत्रफळ k²/n³. सगळ्या आयतांची बेरीज:

(1² + 2² + 3² + … + n²) / n³

वक्राचा प्रश्न आता वर्गांच्या बेरजेचा प्रश्न झाला. या बेरजेचा नियम आर्यभटाने इ.स. ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’त दिला आहे: पदांची संख्या, तिच्यात एक मिळवून येणारी संख्या आणि या दोघींची बेरीज, या तिघींचा गुणाकार करून त्याचा सहावा भाग घ्यायचा. पुढे नीलकंठ सोमयाजींनी आपल्या भाष्यात त्यामागची भूमिती उलगडली. लहान ठोकळ्यांचा पायऱ्यापायऱ्यांचा ढीग रचा, वरच्या थरात १, खाली २ × २, त्याखाली ३ × ३. असे सहा सारखे ढीग एकमेकांत अडकवले की n, n + 1 आणि 2n + 1 अशा बाजूंची भरीव पेटी तयार होते. दोन थरांच्या ढिगात ५ ठोकळे असतात. सहा ढिगांचे ३० होतात, आणि २ × ३ × ५ म्हणजेही ३०.

हा नियम वापरला की बाहेरच्या आयतांची बेरीज अशी होते:

n(n + 1)(2n + 1) / (6n³) = 1/3 + 1/(2n) + 1/(6n²)

आतल्या आयतांसाठी मधलं चिन्ह फक्त उणे होतं. बारावीत x² चं संकलन x³/3 असं पाठ केलेलं असतं. त्यातला ३ कुठून आला, ते इथे दिसतं. पेटीच्या तिन्ही बाजूंना n ने भागलं तर त्या 1, 1 + 1/n आणि 2 + 1/n अशा होतात. n वाढत गेला की पेटी १ × १ × २ च्या जवळ सरकते, आणि त्या दोनाचा सहावा भाग म्हणजे एक तृतीयांश. मला स्वतःला हा ३ त्या सहा ढिगांतून बाहेर पडताना दिसला, तेव्हाच ते सूत्र माझं झालं.

या शेवटच्या पावलावर मात्र गफलत होते. ‘n अनंत केला, आयताची रुंदी शून्य झाली’ असं सर्रास म्हटलं जातं. शून्य रुंदीच्या आयताचं क्षेत्रफळ शून्य, आणि असे कितीही शून्य मिळवले तरी हाती काही लागत नाही. सीमा म्हणजे वेगळी गोष्ट. समजा कुणी म्हणालं की क्षेत्रफळ ०.३३३४ आहे. आपण दहा हजार भाग करायचे. बाहेरच्या आयतांची बेरीज येते ०.३३३३८३३३५. वक्राबाहेर डोकावणारे आयतसुद्धा त्या दाव्याहून कमी भरले, म्हणजे दावा चुकला. एक तृतीयांशाहून जराशा मोठ्या कोणत्याही संख्येला पुरेसा मोठा n घेऊन असंच बाद करता येतं, आणि लहान संख्येला आतले आयत बाद करतात. चिमटीत शेवटी एकच संख्या उरते. प्रत्येक आयत खऱ्या रुंदीचा, प्रत्येक बेरीज मर्यादित पदांची. हीच संख्या म्हणजे निश्चित संकलन:

∫₀¹ x² dx = 1/3

हाताने करताना आणखी एक चूक हमखास होते: बेरीज n पर्यंत की n − 1 पर्यंत, यात घोटाळा. ती पकडायला n = 1 ठेवून पाहावं. बाहेरचा एकच आयत म्हणजे अख्खा चौरस, उत्तर १ यायला हवं. आतला आयत सपाट, उत्तर शून्य.

असा दोन्हीकडून चिमटा आर्किमिडीजनेही इ.स.पू. तिसऱ्या शतकात लावला होता. त्याने सर्पिलाच्या पहिल्या वेढ्यातलं क्षेत्रफळ आतल्या आणि बाहेरच्या वर्तुळपाकळ्यांमध्ये कोंडलं, वर्गांच्या बेरजेचा आधार घेतला, आणि उत्तर आलं वर्तुळाच्या एक तृतीयांश.

चिमटा नेहमीच मिटतो असं नाही. डिरिक्लेने १८२९ मध्ये एक विचित्र फल मांडलं. त्याचं सोपं रूप असं: x परिमेय असेल तर उंची १, अपरिमेय असेल तर ०. तळाचा कितीही अरुंद भाग घ्या, त्यात दोन्ही प्रकारच्या संख्या असतातच. म्हणून आतल्या आयतांची बेरीज कायम ० आणि बाहेरच्यांची कायम १. दहा भाग करा की दहा कोटी, मधला खांब तसूभरही बारीक होत नाही. रीमानने १८५४ मध्ये बेरजांच्या सीमेवरून संकलनाची जी व्याख्या केली, तिच्यानुसार या फलाला संकलनच नाही.