पेढीवरच्या कामाचे कंपनीतील नाव

घाऊक कापडाच्या पेढीवर दहा वर्षे काढलेला तरुण नोकरीचा अर्ज लिहू लागला, की बहुधा एकच ओळ उतरते: ‘घरचा व्यवसाय सांभाळला.’ भरती करणाऱ्याला त्यातून काहीच उमगत नाही. वास्तविक त्याने उधारी वसूल केलेली असते, मालाचे भाव ठरवलेले असतात, खतावणी जुळवलेली असते. या कामांना कंपनीत कोणते पदनाम आहे, हे मात्र त्यालाही ठाऊक नसते.

ते नोकरीच्या जाहिरातींतून शोधता येते. मात्र एकदोन नव्हे, तीस-चाळीस जाहिराती वाचाव्या लागतात. नोकरीच्या संकेतस्थळावर पदनामाऐवजी कामाचे इंग्रजी शब्द टाकावेत: पेमेंट फॉलो-अप, लेजर रिकन्सिलिएशन, व्हेंडर निगोशिएशन. मिळालेली प्रत्येक जाहिरात तक्त्याच्या एका ओळीत उतरवावी. पदनाम, सांगितलेली कामे, लागणारे सॉफ्टवेअर, अनुभवाची वर्षे. एकच जागा दोन-तीन मध्यस्थ संस्था निरनिराळ्या शब्दांत छापतात. अशा जोडजाहिराती गाळाव्यात, नाहीतर मोजदाद फसते.

समजा, गाळून तेहतीस उरल्या. त्यांपैकी चौदांत येणे रकमांचा पाठपुरावा आणि ‘एजिंग रिपोर्ट’ ही कामे एकत्र आढळली, आणि बहुतेकांवर नाव होते अकाउंट्स रिसीव्हेबल किंवा क्रेडिट कंट्रोल. एजिंग रिपोर्ट म्हणजे कोणत्या ग्राहकाचे बिल तीस, साठ किंवा नव्वद दिवसांपासून थकले आहे याची यादी; पेढीवरच्या मुनिमाला ती तोंडपाठ असते. आपण ‘सेल्स’चा माणूस आहोत, असे या तरुणाला वाटत होते. सेल्सच्या जाहिरातींत मात्र दरमहा नवे ग्राहक आणण्याचे उद्दिष्ट होते, आणि त्याचे ग्राहक तर आजोबांच्या काळापासूनचे!

पदनामातील ‘मॅनेजर’ या शब्दावर विसंबू नये. लहान कंपनीत तो एकटाच सारे काम करतो, मोठीत त्याच्या हाताखाली माणसे असतात. अनुभवाची वर्षे आणि तो कोणाला उत्तरदायी आहे, यावरून खरी पायरी कळते. तसेच टॅली येत असूनही निम्म्याहून अधिक जाहिरातींत सॅप मागितले असेल, तर उणीव नेमकी तेथे आहे.

शेवटची कसोटी अशी: सर्वाधिक जुळणाऱ्या पाच जाहिराती घेऊन प्रत्येक अपेक्षेसमोर पेढीवरचा आपला दाखला लिहावा: किती ग्राहक, किती येणे, वसुलीला किती दिवस. निम्म्या ओळी कोऱ्या राहिल्या तर ते पदनाम आपले नव्हे. तक्त्यातील दुसरे पाहावे. दाखले भरले, तर तेच अर्जात उतरवावेत. ग्राहकांची नावे आणि त्यांच्याकडील बाकी मात्र तेथे लिहू नये. ढोबळ आकडे पुरतात, आणि पेढीची गुप्तताही राहते.