पाडव्याचा पाला : कडुनिंब की बकाण?

ही गेल्या गुढीपाडव्याची गोष्ट. मेसमध्ये गूळ आणि कडुनिंबाची चटणी करायची ठरली. सकाळीच आमचा रूमपार्टनर होस्टेलमागच्या एका झाडाचा फोटो मोबाइलवर घेऊन आला. "पानाला करवतीसारखे दाते आहेत, म्हणजे कडुनिंबच!" मेसच्या मामांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "अरे बाबा, हा बकाण निंब वाटतोय. तोडू नकोस, आधी नीट बघून ये."

मामांचं म्हणणं योग्यच होतं. बकाणाची फळं विषारी असतात, पोटात गेली तर उलट्या होतात, प्रकरण त्याहून गंभीरही होऊ शकतं. त्याचा पालाही खाण्यातला नाही.

गंमत अशी, की दाते दोन्ही झाडांच्या पानांना असतात. त्या फोटोत चार-पाच पर्णिका जवळून टिपल्या होत्या. तेवढ्यावरून निकाल देणं अवघडच. म्हणून पठ्ठ्याने दुसरा फोटो काढला, पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो तिथपासून टोकापर्यंत. कडुनिंबाच्या एका देठाच्या दोन्ही बाजूंना थेट पर्णिका लागतात. बकाणाच्या मुख्य देठाला आधी उपदेठ फुटतात आणि त्या उपदेठांवर पर्णिका येतात. आमच्या फोटोत उपदेठ स्पष्ट दिसले. उपदेठ म्हणजे फांदी नव्हे, एवढं मात्र लक्षात ठेवा. पान जिथे सुरू होतं तिथे बगलेत कळी असते, उपदेठाच्या बगलेत नसते.

आता कडा. कडुनिंबाची पर्णिका कोयत्यासारखी वाकडी, बुडाशी एक बाजू मोठी आणि एक लहान, आणि दाते बरेचसे एकसारखे. बकाणाची पर्णिका सरळ, बूड जवळजवळ समान. दाते अनियमित, कुठे खोल खाचा तर कुठे नुसती नावाला.

तिसरा फोटो फुलांचा. दोन्ही झाडं साधारण याच दिवसांत फुलतात. कडुनिंबाचे तुरे पांढरे. बकाणाच्या पाकळ्या फिकट जांभळ्या आणि मधली नळी गडद जांभळी. कडक उन्हात फोटोत जांभळा रंग उडून पांढरा दिसतो, तेव्हा झूम करून मधली गडद नळी शोधा. आमच्या फोटोत ती सापडली आणि वाद मिटला.

फळांचा फोटो असेल तर काम आणखी सोपं. निंबोळी लांबट, पिकली की पिवळी, आणि पावसाच्या सुरुवातीला गळून झाडाखाली सडा पडतो. बकाणाची फळं गोल, आणि हिवाळ्यात पानं झडली तरी पिवळे घोस झाडावर लटकलेले राहतात. जानेवारीतल्या फोटोत निष्पर्ण झाडावर पिवळे मणी दिसले, तर तो बकाण समजा.

त्या दिवशी चटणीचा पाला अखेर गेटजवळच्या झाडाचा आला, देठापासून तपासून. यंदा पाडव्याला कुणी नुसता दात्यांचा फोटो दाखवला, तर त्याला परत पाठवा : "पूर्ण पान दाखव!"